साठ्याची वही साफ करताना: नोंदी थेट ग्रॅम-नगांत बदलाव्यात की रूपांतराचा तक्ता ठेवावा?

किराणा दुकानाची साठ्याची वही स्प्रेडशीटमध्ये उतरवली की एकाच रकान्यात ‘दीड किलो’, ‘५०० ग्रॅम’, ‘३ डझन’, ‘7 pcs’ आणि नुसतेच ‘२५०’ असे सारे शेजारी येऊन बसते. ही सरमिसळ दोन प्रकारे साफ करता येते. पहिल्या प्रकारात प्रत्येक नोंद सर्वांत लहान एककात बदलून, म्हणजे वजनाचा माल ग्रॅममध्ये आणि मोजणीचा नगांत, जुन्या नोंदीच्या जागी लिहितात. दुसऱ्या प्रकारात मूळ आकडा आणि मूळ एकक दोन वेगळ्या रकान्यांत तसेच ठेवून हिशेबाचे एकक एका स्वतंत्र तक्त्यावरून सूत्राने काढतात.

पहिला प्रकार सोपा आहे आणि त्याचा मोठा गुण म्हणजे त्यात अपूर्णांक उरत नाहीत. पाव म्हणजे २५०, पाऊण म्हणजे ७५०, सव्वा म्हणजे १२५०, अडीच म्हणजे २५०० ग्रॅम. साबणाच्या १ ग्रोस, ३ डझन आणि ७ सुट्या वड्या असतील तर १४४, ३६ आणि ७ मिळून १८७ नग होतात आणि त्यावर पुन्हा विचार करावा लागत नाही.

अडचण येते ती पोते, डबा, पेटी यांसारख्या शब्दांशी. साखरेची नोंद ‘२ पोती, १२ किलो, ७५० ग्रॅम’ अशी आहे असे समजा. पोते ५० किलोचे धरून पहिल्या प्रकाराने लिहिले तर साठा १,१२,७५० ग्रॅम होतो. त्यातले एक पोते ३० किलोचे होते हे नंतर कळले तर खरा साठा ९२,७५० ग्रॅम असतो. पण पत्रकात आता फक्त मोठा आकडा उरलेला असतो आणि तो कशावरून आला हे सांगणारी नोंद आपणच पुसलेली असते. तेलाच्या डब्याचेही तसेच आहे. १५ लिटरच्या डब्यातले खाद्यतेल साधारण साडेतेरा किलो भरते, तर १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल असते, आणि वहीत दोन्हींना ‘डबा’च म्हटलेले असते.

दुसऱ्या प्रकारात माल आणि एकक यांची जोडी करून तक्ता बनवतात: ‘साखर|पोते ५०’ साठी ५००००, ‘साखर|पोते ३०’ साठी ३००००, ‘साबण|डझन’ साठी १२. हा तक्ता units नावाच्या वेगळ्या पत्रकात, A मध्ये जोडी आणि B मध्ये गुणक असा ठेवला आणि वहीच्या पत्रकात B मध्ये माल, C मध्ये आकडा आणि D मध्ये एकक असेल, तर सूत्र असे होते:

```
=C2*VLOOKUP(B2&"|"&TRIM(D2),units!A:B,2,FALSE)
```

तक्त्यात नसलेले एकक आले की तेथे `#N/A` दिसते. नुसते ‘पोते’ लिहिलेली ओळ अडते, खरेदीचे बिल काढून पाहावे लागते, आणि माझ्या मते हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा आहे, कारण पहिल्या प्रकारात चुकीचा अंदाज मुकाट्याने बेरजेत मिसळून जातो. तक्ता भरायला वेळ लागतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

कोणताही प्रकार निवडला तरी आधी आकडे तपासावे लागतात. ‘५ किलो’ हा शीटच्या दृष्टीने मजकूर असतो. तो रकान्यात डावीकडे सरकलेला दिसतो आणि `SUM` त्याला वगळते. याहून घातक म्हणजे अर्ध्यासाठी टाइप केलेले 1/2. एक्सेल त्याची तारीख करते, आणि तारखेचा आतला आकडा ४५ हजारांच्या पुढचा असल्यामुळे बेरीज एकदम फुगते. त्यामुळे रकान्याचे स्वरूप ‘नंबर’ करून असे आकडे शोधावेत आणि तेथे 0.5 लिहावे.

एककांची नावे ठरवताना जीएसटी विवरणपत्रातली KGS, GMS, DOZ, PCS हीच रूपे घेतलेली बरी, म्हणजे पुढे पुन्हा बदल नको. नगासाठी NOS आणि PCS दोन्ही चालतात. त्यांतले एकच ठेवावे.

सगळा माल ठरलेल्या वजनाच्या पाकिटांत येत असेल आणि वस्तू शे-दोनशेच असतील, तर पहिला प्रकार पुरतो. फक्त मूळ रकान्याची प्रत बाजूला ठेवावी. पोती-डब्यांनी खरेदी आणि सुटी विक्री असेल, तर मी दुसराच प्रकार घ्यायला सांगेन. केळी डझनाने घेऊन किलोने विकली जात असतील, तर तक्ताही पुरत नाही. प्रत्येक खेपेला एक डझन तोलून त्या खेपेचा गुणक लिहावा लागतो.

शेवटी सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा विक्री, हा आकडा प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावा. एक आकडा दुसऱ्याच्या साधारण १२ पट किंवा १००० पट निघाला, तर चोरी-नासाडीचा संशय घेण्याआधी त्या मालाच्या एककाचा रकाना उघडावा.