दूरचं पद काढायचंय: लूप, मॅट्रिक्सचा घात की आयगेन व्हॅल्यू?

शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू पाडले असतील. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता उलटा प्रश्न घ्या: चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच. पाच मात्रांना आठ, सहाला तेरा. कारण सोपं आहे. शेवटचं अक्षर लघु असेल तर त्याच्या आधी n−1 मात्रा भरायच्या असतात आणि गुरू असेल तर n−2. म्हणून m(n) = m(n−1) + m(n−2). विरहांकाच्या छंदःशास्त्रात हे मोजणं आहे आणि इ. स. ११५०च्या सुमारास हेमचंद्रानं तर हा नियम स्पष्टच सांगितला, म्हणजे फिबोनाचीच्या १२०२च्या पुस्तकाआधी. ज्याला आपण सवयीनं फिबोनाची म्हणतो ती हीच क्रमिका.

आता ७० मात्रांसाठीचं उत्तर हवंय, किंवा दहा लाख मात्रांसाठीचं. समोर तीन वाटा आहेत. सरळ लूप लावा आणि बेरजा करत जा. नाहीतर दोन पदांची जोडी करून २×२ मॅट्रिक्सचा घात काढा. किंवा त्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढून एका ओळीचं सूत्र मिळवा. तिसरी वाट दिसायला सगळ्यात देखणी, म्हणून नवखा माणूस हमखास तिकडे वळतो. मीही वळलो होतो, आणि चुकीचा आकडा छातीठोकपणे पुढे पाठवला होता. त्यामुळे आधी ती वाट नीट बघू.

एका पदावरून पुढचं पद कळत नाही, दोन लागतात. म्हणून दोन्ही एकत्र ठेवायची: (m(n), m(n−1)). पुढची जोडी म्हणजे वर दोघांची बेरीज आणि खाली आधीचं वरचं पद. हेच काम A = [[1, 1], [1, 0]] हे मॅट्रिक्स करतं. सुरुवातीची जोडी (1, 0) घेतली आणि A n वेळा लावलं, की वरच्या जागी m(n) येतं.

आयगेनची कल्पना अशी की काही दिशा अशा सापडतात जिथे A दिशा वळवत नाही, फक्त एका संख्येनं गुणतं. त्या संख्येला λ म्हणू. इथे λ² − λ − 1 = 0 हे वर्गसमीकरण येतं. मुळं φ = (1+√5)/2, म्हणजे सुमारे १.६१८, आणि ψ = (1−√5)/2, म्हणजे सुमारे −०.६१८. त्यांच्या दिशा (φ, 1) आणि (ψ, 1). आता (1, 0) ही जोडी या दोन दिशांमध्ये फोडायची. पहिलीतून दुसरी वजा केली तर (φ−ψ, 0) उरतं आणि φ−ψ म्हणजे √5. म्हणून (1, 0) हा त्या वजाबाकीचा 1/√5 पट. A n वेळा लावलं की एका भागाला φⁿ आणि दुसऱ्याला ψⁿ चिकटतं:

m(n) = (φⁿ⁺¹ − ψⁿ⁺¹)/√5

वर्गात फळ्यावर शिकवतात ती रीत, म्हणजे पद λⁿ असं धरून λ चं समीकरण सोडवायचं, ती निराळी नाही. समीकरण तेच, मुळं तीच. मॅट्रिक्समुळे फक्त ‘λⁿ च का धरायचं?’ याचं उत्तर मिळतं.

सूत्र हातात आल्यावर ते यंत्राला द्यायचा मोह होतोच. ψ चा घात इतका छोटा होतो की तो सोडून जवळच्या पूर्णांकावर आणलं की झालं, हे कागदावर अगदी बरोबर आहे. ७० मात्रांसाठी φ चा ७१वा घात लागेल:

```python
phi = (1 + 5**0.5) / 2
print(round(phi**71 / 5**0.5))
# 308061521170130
```

खरं उत्तर 308061521170129 आहे. फरक फक्त एकाचा, म्हणून तो नजरेतून निसटतो. ६९ मात्रांपर्यंत सगळी उत्तरं बरोबर येतात, त्यामुळे पहिली दहा-वीस पदं तपासून निर्धास्त होणारा माणूस फसतो. कारण असं: साध्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये √5 आणि φ हे १६-१७ अंकांपर्यंतच साठतात. φ मधली चूक सतराव्या दशांश स्थळाची, पण घात चढवताना सापेक्ष चूक जवळपास n पट होते आणि ती तीनशे लाख कोटींच्या संख्येला लागते. ७१व्या घाताला ती अर्ध्याच्या पुढे जाते आणि राउंड करताना शेजारच्या पूर्णांकावर पाय पडतो. चूक ओळखायला सोपी खूण आहे: सलग तीन उत्तरं काढा आणि मूळ नियमात घाला. पहिल्या दोघांची बेरीज तिसरं पद देत नसेल तर सूत्रानं दगा दिला असं समजा.

लूपला हा आजार नाही, कारण तिथे नुसते पूर्णांक आहेत. काही हजार पदांपर्यंतच्या अचूक उत्तरासाठी लूपच घ्या, बाकी कशाची गरज नाही. तो देखणा नाही म्हणून लोक लाजतात, हे मला कधी कळलं नाही.

n फारच मोठा असेल, समजा १०^१८, आणि उत्तर एखाद्या संख्येनं भागल्यावरची बाकी म्हणून हवं असेल, तर लूप दमतो आणि दुसरी वाट कामी येते. A चा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा त्याचा वर्ग, असं करत १०^१८पर्यंत साधारण ६० वेळा वर्ग करावा लागतो. सगळं पूर्णांकात होतं, म्हणून अचूक. इथे आयगेनची वाट आणखी एका कारणानं अडखळते. १,००,००,००,००७ ही बाकीसाठी नेहमी वापरली जाणारी मूळ संख्या घ्या. तिच्या बाकींच्या जगात ५चं वर्गमूळच नाही. या संख्येला ५नं भागलं तर २ उरतात, आणि ५चं वर्गमूळ असायला १ किंवा ४ उरायला हवेत. त्यामुळे φ लिहायलाच जागा नाही. शेजारच्या १,००,००,००,००९ला मात्र ५नं भागून ४ उरतात, म्हणजे तिथे सूत्र चालतं. मॅट्रिक्सचा घात दोन्हीकडे सारखाच चालतो.

मग आयगेन नकोच का? एखादं पद अचूक हवं असेल तर माझं मत तसंच आहे. पण ‘पद किती आहे?’ याऐवजी ‘क्रमिका कशी वागते?’ असं विचारलं की तिच्यासारखं दुसरं काही नाही. दहा लाखाव्या फिबोनाची पदात अंक किती? लूपला ते पूर्ण पद उभारून अंक मोजावे लागतील. आयगेनवाला फक्त मोठ्या मुळाचा लॉग घेतो: 1000000 × log φ − log √5, दहाच्या पायानं. उत्तर येतं २०८९८७.२९, म्हणजे २,०८,९८८ अंक. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लूप कधी फसेल हेही आयगेन व्हॅल्यू आधीच सांगतात. ही दुसरी क्रमिका बघा: पहिली दोन पदं १/३ आणि १/१२, आणि पुढचं पद म्हणजे मागच्याचं २.२५ पट वजा त्याच्याही मागच्याचं ०.५ पट. मॅट्रिक्स [[2.25, -0.5], [1, 0]], मुळं २ आणि १/४. सुरुवातीची पदं नेमकी अशी आहेत की २च्या दिशेला वाटा शून्य येतो. म्हणून खरं उत्तर दर पायरीला चौथाई होत जातं, (1/3)(1/4)ⁿ. आता लूप चालवा:

```python
x, y = 1/3, 1/12
for n in range(2, 61):
    x, y = y, 2.25*y - 0.5*x
print(y)
```

साठाव्या पदाला खरं उत्तर सुमारे २.५ × १०^−३७, म्हणजे शून्यच म्हणा. छापून येतं सुमारे ३.४! पहिल्याच पायरीला राउंड होताना १०^−१७च्या घरातली चूक शिरते, तिचा काही भाग २च्या दिशेला पडतो आणि मग दर पायरीला दुप्पट होतो. १९व्या पदापर्यंत आकडे नीट घटत जातात आणि तिथून वर चढायला लागतात. मुळं आधी काढली असती तर हे लूप लावण्याआधीच कळलं असतं: हवं असलेलं मूळ छोटं, नको असलेलं एकाहून मोठं. अशा ठिकाणी फ्लोटिंग पॉइंटचा लूप टाळायचा, हातानं दोन्ही दिशांचे वाटे काढायचे, २चा वाटा शून्य म्हणून पुसायचा आणि उरलेलं सूत्र वापरायचं. किंवा लूपच हवा असेल तर अपूर्णांक अचूक ठेवून चालवायचा, पायथॉनमध्ये त्यासाठी `Fraction` आहे.

आयगेनची वाट निवडलीच तर एक सापळा मात्र पाहून ठेवा: दुहेरी मूळ. a(n) = 4a(n−1) − 4a(n−2), सुरुवात १, ४. पुढची पदं १२, ३२, ८०. समीकरण (λ−2)² = 0, मूळ २ दोनदा. दोन दिशा मिळतील असं वाटतं, पण (2, 1) ही एकच मिळते. पुनरावृत्तीच्या नियमातून आलेल्या अशा मॅट्रिक्सला प्रत्येक मुळामागे एकच दिशा असते, त्यामुळे मूळ दोनदा आलं की दिशा कमी पडते, हे दर वेळी घडतं. मग सुरुवातीची जोडी फोडायला दुसरी दिशाच नाही.

संगणक हे सरळ सांगत नाही, हीच अडचण आहे. राउंडिंगमुळे तो २ऐवजी २च्या अगदी जवळची, जरा वेगळी अशी दोन मुळं देऊ शकतो आणि जवळपास एकमेकांवर पडणाऱ्या दोन दिशा. उलटं मॅट्रिक्सही मुकाट्यानं काढून देतो. फरक साधारण आठव्या दशांश स्थळाचा असतो, म्हणजे सोळापैकी अर्धे अंक आधीच गेले. म्हणून `np.linalg.eig` वापरलं की दिशांच्या मॅट्रिक्सवर `np.linalg.cond(V)` चालवून बघायचं. आकडा दहा-वीस असेल तर पुढे जा. दहा कोटींच्या घरात किंवा त्याच्याही पुढे असेल तर मुळं चिकटलेली आहेत. अशा वेळी दुसरा भाग n·2ⁿ या रूपात येतो आणि सूत्र (c + dn)·2ⁿ असं लिहायचं. पहिल्या दोन पदांवरून c = 1, d = 1. तपासून बघा: n = 4 ला 5 × 16 = 80.