ऑब्जेक्ट इंडेक्स की क्रिप्टोमॅट? रेंडर झालेल्या बंगल्याची एकच भिंत बदलताना

सांगली-मिरजेकडं बंगल्यांच्या एलिव्हेशनची कामं करणाऱ्यांना हे वाक्य पाठ असेल: "सगळं झकास झालंय, फक्त समोरची भिंत जरा विटकरी करून बघा की." चित्र रात्रभर सायकल्समध्ये शिजलेलं असतं, झाडं, गवत, काचा सगळं जागच्या जागी असतं आणि बदल हवा असतो एका रंगाचा. अशा वेळी ती भिंत तेवढी मास्कनं वेगळी काढून कंपोझिटरमध्ये रंग बदलता येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रश्न आहे तो मास्क कुठून घ्यायचा. ब्लेंडरमध्ये त्याचे दोन रस्ते आहेत: `Object Index` पास आणि `ID Mask` नोड हा जुना, तर क्रिप्टोमॅट हा नंतरचा, 2.80 आवृत्तीपासून आलेला. मी दोन्ही वापरले आहेत. कुणी विचारलं तर मी एकाकडं जरा जास्त झुकतो. का झुकतो, ते सांगतो.

आधी इंडेक्सची बाजू, कारण ती कमकुवत नाही. ऑब्जेक्टच्या `Relations` मध्ये `Pass Index` ला एक आकडा द्यायचा, `View Layer` मध्ये `Object Index` वर टिक करायची आणि कंपोझिटरमध्ये `ID Mask` ला तोच आकडा सांगायचा. सगळ्या रेलिंगना 7 दिला की सगळी रेलिंग एका मास्कमध्ये येतात. ऑब्जेक्टची नावं काहीही असोत, बदलोत, आकडा तोच राहतो. फाइलही हलकी होते. 1920×1080 च्या चित्रात हा पास म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एक संख्या, कॉम्प्रेशनआधी साधारण 8 एमबी. क्रिप्टोमॅट नेहमीच्या सहा लेव्हलवर तीन पूर्ण पास लिहितो, म्हणजे 100 एमबीच्या आसपास, आणि तोही 32 बिट फ्लोटमध्येच ठेवावा लागतो. जागा वाचवायला हाफ फ्लोटमध्ये सेव्ह केलं की त्यातले ओळख क्रमांकच मोडतात. मग पिकरनं भिंतीवर कितीही क्लिक करा, मास्क काळाच राहतो.

एवढं असूनही मी इंडेक्स सोडला, तो कडांमुळं.

विश्रामबागेतल्या एका बंगल्याचं काम डोळ्यासमोर ठेवून सांगतो. क्रीम रंगाची भिंत, तिच्यापुढं काळं लोखंडी ग्रील, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बोगनवेलीची एक फांदी, डेप्थ ऑफ फील्डमुळं धूसर झालेली. आता ग्रीलच्या कडेचा एक पिक्सेल घ्या. त्याचा 60 टक्के भाग भिंतीनं व्यापलाय आणि 40 टक्के ग्रीलनं. चित्रात तो पिक्सेल दोन्ही रंगांचं मिश्रण असतो, कारण सायकल्स शेकडो सॅम्पलची सरासरी काढतं. इंडेक्स पासमध्ये मात्र सरासरीला अर्थच नाही. भिंतीचा आकडा 3 आणि ग्रीलचा 7 असेल, तर मधला 5 म्हणजे तिसरीच कुठली तरी वस्तू. म्हणून तिथं एकच आकडा लिहिला जातो, पहिल्या सॅम्पलला जे दिसलं त्याचा. तो पिक्सेल एक तर पूर्ण भिंत ठरतो, नाही तर पूर्ण ग्रील.

यानं होतं काय, ते फक्त निळ्या चॅनलवर बघू. क्रीम भिंतीत निळा 0.50, नव्या विटकरी रंगात 0.14 आणि ग्रीलमध्ये 0.03. आपल्या कडेच्या पिक्सेलमध्ये आज 60 टक्के भिंत आणि 40 टक्के ग्रील मिळून 0.312 आहे. भिंत खरोखरच विटकरी करून पुन्हा रेंडर केलं असतं तर तिथं 0.096 आलं असतं. रंग बदलायचा म्हणजे भिंतीच्या वाट्याला नव्या-जुन्याचा फरक लावायचा, इथं उणे 0.36. मास्क 0.6 असेल तर 0.312 मधून 0.216 वजा होतात आणि बरोबर 0.096 उरतात. इंडेक्सनं तो पिक्सेल 'पूर्ण भिंत' ठरवला तर अख्खे 0.36 वजा होतात आणि उत्तर शून्याच्या खाली जातं. 'पूर्ण ग्रील' ठरवला तर काहीच वजा होत नाही आणि जुना क्रीम तसाच राहतो. म्हणून विटकरी भिंतीवरच्या काळ्या ग्रीलला कुठं फिकट क्रीम किनार दिसते, तर कुठं निळा हरवलेले भडक ठिपके. धूसर फांदीभोवती तर पूर्ण वाट लागते, कारण तिथं कड एका पिक्सेलची नसून वीस-पंचवीस पिक्सेलचा उतार असतो आणि इंडेक्स पासमध्ये त्या जागी नुसती खसखस दिसते.

`ID Mask` वर अँटी-अलायझिंगची टिक आहे, हे मान्य. सरळ भिंतीच्या किंवा पॅरापेटच्या कडेला ती चांगलं काम करते. पण ती शेजारचे पिक्सेल बघून कड गुळगुळीत करते. भिंतीचा वाटा 60 टक्के होता की 35, हे तिला कळायला मार्ग नाही, कारण ती माहिती पासमध्ये लिहिलेलीच नसते. क्रिप्टोमॅट नेमकं तेच लिहून ठेवतो: या पिक्सेलमध्ये कोण कोण आहे आणि प्रत्येकाचा वाटा किती. सहा लेव्हल म्हणजे एका पिक्सेलमध्ये सहा जणांची नोंद. फांदीची धूसर कड असो की हलत्या गाडीचा मोशन ब्लर, मास्क त्याच प्रमाणात करडा होत जातो. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

दुसरा फायदा लहान आहे, पण रोजचा आहे. आकडा रेंडरच्या आधी द्यावा लागतो आणि मालक काय बदलायला सांगतील ते आधी कळत नाही. ज्या वस्तूंना आकडा दिला नाही त्या सगळ्या 0 वर एकत्र पडतात. क्रिप्टोमॅट प्रत्येक नावावरून स्वतःच क्रमांक तयार करतो. त्यामुळं रेंडर झाल्यावर नोडच्या पिकरनं भिंतीवर क्लिक केलं की झालं. एक मात्र बघा: आर्किटेक्टकडून आलेल्या मॉडेलमध्ये भिंत, छज्जा आणि पॅरापेट पुष्कळदा एकच मेश असतात. तिथं ऑब्जेक्टचा क्रिप्टोमॅट उपयोगाचा नाही, मटेरियलचा घ्यायचा. मी तर `Object` आणि `Material` दोन्हींवर टिक ठेवतो. हार्ड डिस्क भरते, पण तेवढं चालतं.

आता जोडणी. बरेच जण सगळे लाइट पास वेगळे काढून पुन्हा जोडत बसतात. एका रंगासाठी ते लागत नाही, शिवाय त्यात एक खोच आहे. रेंडरमध्ये डीनॉइज चालू असेल तर स्वच्छ होतो तो मुख्य `Combined` पास. सुटे डिफ्यूज, ग्लॉसी पास दाणेदारच राहतात आणि ते जोडून केलेलं चित्रही दाणेदार येतं. त्यापेक्षा `Combined` ला हात न लावता त्यात फक्त फरक मिळवावा:

```
नवं चित्र = Combined + (DiffDir + DiffInd) × मास्क × (नवा रंग − जुना रंग)
```

यासाठी रेंडरच्या वेळी `Diffuse` मधले `Direct` आणि `Indirect`, क्रिप्टोमॅट आणि `Denoising Data` एवढ्या टिक पुरतात. जुना रंग मटेरियलमधूनच उचलायचा. डिफ्यूजचे दोन पास बेरजेनं जोडून एका `Denoise` नोडमधून काढायचे, त्याला डीनॉइजिंगचे नॉर्मल आणि अल्बेडो द्यायचे. क्रिप्टोमॅटला डीनॉइज लावायचं नाही. रंगांची वजाबाकी करताना क्लॅम्प बंद हवा, कारण फरक उणे येणारच आहे. हे सगळं मल्टिलेयर `OpenEXR` वरच करायचं. पीएनजीमध्ये `AgX` किंवा `Filmic` आधीच मुरलेलं असतं, त्यावर हा हिशोब लागू पडत नाही. या पद्धतीत रंगाची चकाकी जशीच्या तशी राहते, कारण ती ग्लॉसी भागात असते आणि आपण त्याला शिवतच नाही. तयार चित्रावर `Hue` फिरवला तर उन्हाची झळाळीसुद्धा विटकरी होते आणि भिंत प्लास्टिकची वाटायला लागते.

भिंतीवर टेक्स्चर असेल तर 'जुना रंग' एकच राहत नाही. तिथं नव्या आणि जुन्या सरासरी रंगाचं गुणोत्तर काढून डिफ्यूज कलर पासला गुणावं लागतं आणि कडेला थोडी तडजोड होते. क्रिप्टोमॅटनं ती कमी दिसते, पूर्ण जात नाही. काचेपलीकडची भिंत तर दोन्ही पद्धतींत सापडत नाही. मास्कला समोरची काचच दिसते.

तेव्हा माझं मत असं. चित्रात सरळ कडांच्या मोठ्या वस्तूच असतील, ग्रील-झाडं नसतील, डिस्कवर जागा कमी असेल, तर इंडेक्सनं भागेल आणि त्यात कमीपणा नाही. आपल्याकडच्या एलिव्हेशनमध्ये मात्र ग्रील नाही असा बंगला मला तरी क्वचितच भेटला आहे. म्हणून नव्यानं सवय लावायचीच असेल तर क्रिप्टोमॅटची लावा, असं मी सुचवेन. पारखायला सोपं आहे: दोन्हींचे मास्क `Viewer` मध्ये तिप्पट मोठे करून ग्रीलपाशी बघा. कडेला करड्या छटा दिसल्या पाहिजेत. नुसता पांढरा-काळा जिना दिसला तर रंग बदलल्यावर किनार येणार.

आणि दोन्हींच्या हाताबाहेरची एक गोष्ट रेंडर टाळण्याआधी तपासा. क्रीम भिंतीवर ऊन पडून जो उजेड पोर्चच्या छताला आणि फरशीला जातो, तो चित्रात क्रीमच राहतो. समोर उभ्या गाडीच्या दारात दिसणारी भिंतही क्रीमच राहते, कारण मास्क फक्त थेट दिसणाऱ्या भिंतीचा असतो. मी अशा वेळी नवा रंग देऊन 25 टक्के रिझोल्यूशनवर, कमी सॅम्पलमध्ये एक झटपट रेंडर काढतो आणि कंपोझिटरच्या चित्राशेजारी ठेवतो. क्रीमची फिकट क्रीम किंवा राखाडी करायची असेल तर फरक सहसा दिसत नाही. विटकरीसारखा गडद रंग आणि पोर्चवर तिरपं ऊन असेल, तर छताखालचा भाग दोन्ही चित्रांत वेगळा दिसतो. तो डोळ्यात भरण्याइतका असेल तर पोर्चचा तेवढा चौकोन `Ctrl+B` नं आखून मी तो भाग पुन्हा रेंडर करतो.