नभसिंचन की ड्रोनफवारणी? नाव ठरवताना

ड्रोनने औषध मारायची सर्विस सुरू करायची आणि नाव अडलंय, शेवटी दोनच उरली, नभसिंचन आणि ड्रोनफवारणी.

नभसिंचन बोर्डावर भारी दिसतं, खरंच. पण सिंचन म्हटलं की माणूस पाणी समजतो, म्हणजे फोन येणार ते ठिबक आणि तुषारसाठी, आणि प्रत्येकाला आधी समजवावं लागणार की आम्ही पाणी नाही देत, औषध फवारतो.

दुसरं म्हणजे फोनवर ऐकू कसं येतं. साध्या कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो, वरचा कापला जातो, आणि स, श, फ ओळखू येतात ते बरेचसे त्या वरच्या भागामुळेच. त्यात शेतात वारा, ट्रॅक्टर चालू, मग नभचं नव होतं आणि पुढचं सिंचन चिंचनसारखं काहीतरी ऐकू येतं.

फ ड्रोनफवारणीतपण आहे, मान्य. पण शब्द रोजचा असल्यामुळे अर्धवट ऐकलं तरी डोकं बाकीचं भरून घेतं, ड्रोन...वारणी एवढं कळलं तरी काम होतं.

तोटा एकच पण मोठा, नुसतं काम सांगणाऱ्या नावाला ट्रेडमार्क मिळणं अवघड, उद्या शेजारचापण तेच लावेल. म्हणून मी पुढे एक सोपा शब्द जोडीन, गरुड ड्रोनफवारणी. फायनल करायच्या आधी दहा जणांना फोनवर एकदाच नाव सांगा आणि विचारा, काय ऐकलं, काम काय असेल.