तापट ओव्हनमधला स्पंज केक: डायल खाली आणावा, साच्याला पट्टी बांधावी, की थर्मोस्टॅट बदलावा?

डायल १८० वर आहे, पण केक बारा मिनिटांत वरून तपकिरी झाला, मधोमध टेकडी आली, टेकडीला चीर पडली आणि काडी घातली तर ओलीच निघाली. घरचा ओटीजी डायलपेक्षा जास्त तापत असेल तर स्पंज असाच येतो. साच्याच्या कडेचं मिश्रण आधी घट्ट होतं, मधलं पातळच राहतं आणि वर जायला त्याला तेवढीच जागा उरते. लवकर बाहेर काढणं हा उपाय नव्हे, कारण वरचा भाग झालेला असला तरी मधला कच्चाच असतो. थंड झाल्यावर कापलात की तळाशी ओलसर, चिकट रेघ दिसते.

त्यावर साधारण तीन उपाय सांगितले जातात. कोणता घ्यायचा ते ओव्हन नेमका कसा चुकतोय त्यावर ठरतं, म्हणून आधी तेवढं तपासून घ्या. ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर बेकिंगच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. नाशकात रविवार कारंजा किंवा कॉलेज रोडकडे चौकशी केलीत तरी चालेल. तो मधल्या जाळीवर, साचा जिथे ठेवणार तिथेच ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. ओव्हन तापत असताना लागणारा दिवा पहिल्यांदा विझला की लगेच आकडा टिपायचा नाही, कारण पहिल्या फेरीत ओव्हन सगळ्यात जास्त उसळतो. दिवा तीन-चार वेळा लागून विझू द्या, काचेतूनच वरचा आणि खालचा आकडा बघा आणि त्यांचा मध्य काढा. दार उघडून बघितलंत तर आकडा पडेल आणि मेहनत वाया जाईल.

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या ओटीजीत डायल १८० ला लावल्यावर काटा २०० ते २२० मध्ये हलत होता, म्हणजे मध्य २१०. डायल १५० ला आणल्यावर तो १६५ ते १८५ मध्ये हलला, मध्य १७५. यातून एक गोष्ट कळते, जी बरेचजण गृहीत धरत नाहीत: फरक सगळ्या डायलवर सारखा नसतो. १८० वर तीस अंश चूक होती, १५० वर पंचवीस. म्हणून “माझा ओव्हन तीस अंश गरम आहे” असं एकदा ठरवून सगळीकडे तेच वजा करण्यापेक्षा, स्पंजला लागणाऱ्या डायलपाशी पुन्हा एकदा मोजून घ्या.

पहिला उपाय, डायल खाली आणणं. तीन अंडी, नव्वद ग्रॅम साखर, नव्वद ग्रॅम मैदा आणि सात इंची साचा, असा साधा स्पंज खऱ्या १७० ते १७५ अंशांवर पंचवीस मिनिटांच्या आसपास होतो. नणंदेच्या ओव्हनात त्यासाठी डायल १५० वर हवा. नणंदेला ते पटत नव्हतं. “अहो वहिनी, दीडशेवर केक होतो का कुठे? तो कच्चाच राहणार!” डायलवरच्या आकड्याकडे बघितलं की असंच वाटतं, काट्याकडे बघितलं की तीच भीती उरत नाही. खर्च थर्मामीटरचाच आणि मूळ कारणावर थेट इलाज होतो, म्हणून माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

दुसरा उपाय, साच्याला ओली पट्टी. सुती कापडाची चार बोटं रुंदीची पट्टी दुहेरी करून भिजवायची, पाणी टपकणार नाही इतकी पिळायची आणि साच्याभोवती घट्ट बांधून टाचणी लावायची. कापड ओलं आहे तोवर साच्याची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे कड उशिरा घट्ट होते आणि केक सपाट उगवतो. आयसिंगसाठी थर कापायचे असतील तर याचा चांगला उपयोग होतो. पण पट्टी फक्त बाजूचं बघते. वरचा रॉड लाल होऊन पृष्ठभाग जाळत असेल तर तिचा तिथे काहीच इलाज नाही. शिवाय २१० अंशांत कापड केक होण्याआधीच सुकतं, आणि सुकलेलं कापड रॉडजवळ असलं तर करपू शकतं. म्हणून साचा आणि रॉड किंवा भिंत यांच्यात दोन बोटं मोकळी जागा ठेवा. डायल दुरुस्त न करता नुसती पट्टी बांधणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून मलमपट्टी.

वरूनच जास्त भाजतंय की सगळा ओव्हनच तापट आहे, हे ओळखायची एक साधी रीत आहे. जाळीवर पावाचे स्लाइस पसरून थोडा वेळ ठेवा. वरची बाजू काळपट आणि खालची फिकी निघाली तर प्रश्न वरच्या रॉडचा आहे. अशा वेळी जाळी एक खण खाली घ्या, किंवा ओटीजीवर तशी सोय असेल तर फक्त खालचा रॉड चालू ठेवा. वर फॉइल झाकायचं असेल तर पंधरा मिनिटांनंतर, पृष्ठभाग जमल्यावर, हलकंसं टेकवा. आधी टाकलंत तर ते मिश्रणाला चिकटतं. आणि तेव्हाही दार पटकन बंद करा, नाहीतर न जमलेला स्पंज बसतो.

तिसरा उपाय, थर्मोस्टॅट बदलणं. याची गरज कधी, तर काटा चाळीस अंशांहून जास्त झोके घेतो किंवा एकाच डायलवर आज १७० आणि उद्या २०० दाखवतो, तेव्हा. ज्या ओव्हनची चूक रोज सारखी असते तो तापट असला तरी वापरता येतो. ज्याची चूक बदलत राहते त्याला किती वजा करायचं ते कळतच नाही. दुकानात नेण्याआधी नॉब ओढून बघा. आतल्या दांड्याला धरणारी खाच झिजली असेल तर नॉब सैल फिरतो आणि आकडा चुकीच्या जागी दिसतो. तेव्हा फक्त नॉब बदलला तरी पुरतं. मागचं पत्र्याचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, वीज आहे. आणि जुन्या, स्वस्त ओटीजीवर पार्टचा आणि मजुरीचा खर्च करायचा की नाही, ते त्याच्या किमतीकडे बघून ठरवा.

माझा क्रम असा: आधी मोजा, डायल खाली आणा, थर कापायचे असतील तर पट्टी जोडीला घ्या, आणि झोके मोठे असले तरच मेकॅनिककडे जा. साचा काळा असेल तर डायल आणखी दहा अंशांनी खाली घ्या, कारण तो चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा जास्त उष्णता ओढतो. आणि घरात अंडी चालत नसतील, कंडेन्स्ड मिल्कचा केक करत असाल, तर खरे १६० ते १६५ अंश धरा. दूध आणि साखर दोन्ही भरपूर असल्यामुळे तो अंड्याच्या स्पंजपेक्षा लवकर तांबूस होतो.