साखरेची यादी मिलिमोलमध्ये नेताना: आकडे जागीच भागावे की शेजारी नवा रकाना करावा?

पुण्यातलं ग्लुकोमीटर साखर मिलिग्रॅममध्ये दाखवतं, ब्रिटनमधलं मिलिमोलमध्ये. मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या वडिलांची यादी तिथल्या डॉक्टरांना दाखवायची, तर मिलिग्रॅमला १८ ने भागायचं, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो शे-दोनशे नोंदींची यादी एकदम बदलताना.

पहिला मार्ग झटपट आहे. एक्सेलमध्ये एका रिकाम्या खान्यात १८ लिहून तो कॉपी करायचा, वाचनांचा रकाना निवडायचा आणि Paste Special मधून Divide करायचं. क्षणात सगळे आकडे जागच्या जागी बदलतात. दुसऱ्या मार्गात मूळ वाचनाला हात लावायचा नाही. शेजारी एककाचा रकाना ठेवायचा आणि त्याच्या पुढच्या रकान्यात सूत्राने मिलिमोल काढायचे. यात काम थोडं वाढतं, कारण प्रत्येक ओळीपुढे mg की mmol हे भरावं लागतं.

माझं मत दुसऱ्या मार्गाकडे झुकलं ते ७० या आकड्यामुळे. साखर कमी झाली असं धरायची सीमा म्हणजे ७० मिलिग्रॅमच्या खाली, किंवा ३.९ मिलिमोलच्या खाली. ७० ला १८ ने भागलं की ३.८८८… येतात. जागीच भागलेल्या यादीत खाना एका दशांश स्थळापर्यंत दाखवायला सांगितला, तर डोळ्यांना ३.९ दिसतं, पण आत ३.८८८ च असतं. समजा, यादीत ६९, ७०, ७० आणि १२६ अशी वाचनं आहेत. मिलिग्रॅममध्ये हायपो एकच, ६९ चा. भागाकारानंतर COUNTIF ला "<3.9" विचारलं, तर उत्तर तीन येतं. पडद्यावर ३.९ दिसणाऱ्या दोन ओळी ३.९ पेक्षा कमी म्हणून मोजल्या जातात, आणि मूळ ७० पुसले गेल्यामुळे चूक कुठे आहे ते यादीत शोधता येत नाही. एवढ्यावरून औषधाचा डोस कमी करायची चर्चा निघू शकते.

म्हणून आधी पूर्णांकन, मग मोजणी. मूळ वाचन C मध्ये आणि एकक D मध्ये असेल तर:

```
=IF(C2="","",IF(NOT(ISNUMBER(C2)),C2,IF(D2="mg",ROUND(C2/18,1),IF(D2="mmol",C2,"?"))))
```

रिकाम्या ओळीत शून्य घुसून सरासरी खाली ओढली जाऊ नये म्हणून सुरुवातीची अट आहे. मीटरने HI किंवा LO दाखवलं असेल, तर ते शब्द तसेच पुढे जातात. त्यांच्या जागी अंदाजाने आकडा घालू नये. एकक भरलेलं नसेल तिथे "?" येतं, म्हणजे ती ओळ लपत नाही.

१८ ऐवजी ग्लुकोजच्या रेणुभारावरून येणारा १८.०१५६ घ्यावा, असा आग्रह काहीजण धरतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण त्याने १८१ मिलिग्रॅमचे १०.०४७, म्हणजे पूर्णांकनानंतर १०.० होतात आणि ते वाचन जास्त साखरेच्या "१०.० च्या वर" या गटात मोजलं जात नाही. १८ ने भागलं की १०.१ येतात आणि १८० ची सीमा जागेवर राहते. मीटरच्या वाचनालाच १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होण्याची मुभा मानकात असते, त्यामुळे माझ्या मते १८ पुरेसा आहे.

एककाचा रकाना भरायचा कंटाळा आला की "३५ च्या खालचं सगळं मिलिमोल" असा नियम लावायचा मोह होतो. बहुतेक वेळा तो चालतोही. पण बऱ्याच मीटरचा पल्ला २० ते ६०० मिलिग्रॅम, म्हणजे १.१ ते ३३.३ मिलिमोल असतो. २० ते ३३ या पट्ट्यातला आकडा दोन्हींत बसतो. २४ मिलिमोल म्हणजे ४३२ मिलिग्रॅम, तर २४ मिलिग्रॅम म्हणजे बेशुद्धीचा धोका. दशांश चिन्हावरूनही ओळखता येईलच असं नाही, कारण २४.० लिहिलं की तक्ता स्वतःच ते २४ करतो. तेव्हा नोंद कोणत्या मीटरची आहे, हे तारखेवरून ठरवून एकक हातानेच भरावं.

जागीच भागण्याच्या मार्गालाही जागा आहे. एकाच मीटरची छोटी यादी असेल, मूळ फाइल वेगळी जपून ठेवलेली असेल आणि डॉक्टरांना फक्त चढउतार दाखवायचा असेल, तर तो पुरतो. मात्र ती यादी CSV करून पाठवली, तर एक्सेल पडद्यावर दिसणारं ५.६ च साठवतं. भारतात परतल्यावर १८ ने गुणलं की १०० च्या जागी १००.८ येतात, आणि मीटरच्या मेमरीशी ओळ जुळत नाही.

कोणत्याही मार्गाने जा, एचबीए१सीचा रकाना निवडीत येऊ देऊ नका. तिथला ७ टक्के म्हणजे ५३ मिलिमोल प्रति मोल. ते गणित वेगळं आहे, १८ चं नाही.