पाच गटांचे रोस्टर: 10 दिवसांचे चक्र की 35 दिवसांचे?

आठवड्याचे 168 तास पाच गटांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 33.6 तास येतात. चक्र कितीही लांब असो, हा आकडा बदलत नाही. बदलते ती सुट्ट्यांची मांडणी.

10 दिवसांच्या चक्रात दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्र आणि सलग चार सुट्ट्या. रात्री दोनच, म्हणून झोपेची घडी फारशी बिघडत नाही. पण 10 ला 7 ने भाग जात नाही, त्यामुळे सुट्टीचा वार सरकत राहतो. 70 दिवसांनी तोच वार परततो आणि त्या 10 रविवारांपैकी चार मोकळे मिळतात. एखाद्या आठवड्यात 24 तास काम, तर एखाद्यात 48, म्हणजे कायद्याची साप्ताहिक मर्यादाच गाठली जाते. त्या आठवड्यात कुणाची बदली भरली की ओव्हरटाइम लागलाच.

35 दिवसांत पाच पूर्ण आठवडे बसतात. रविवारांचे प्रमाण तेच, पाचात दोन, पण ते आधीच ठरलेले असतात. 21 पाळ्या पहिल्या चार आठवड्यांत संपवल्या तर पाचवा पूर्ण मोकळा राहतो. त्यात प्रशिक्षण आणि रजेच्या बदलीसाठी पाच जनरल शिफ्ट घातल्या की सरासरी 41.6 होते, सुट्ट्या मात्र 14 वरून 9 वर येतात. सात रात्री सलग लावू नका, तो आठवडा 56 तासांचा होतो.

माणसे कमी आणि रजा जास्त असतील तिथे मी 35 दिवसांचेच घेईन.