सिम्स ४ चा Mods फोल्डर साफ करायला फिफ्टी-फिफ्टी की कॉन्फ्लिक्ट डिटेक्टर?

माझ्या फोल्डरात ८०० पॅकेज फाइल्स होत्या आणि सगळ्या सिम्सचे डोळे अचानक बदलले, तेव्हा दोन्ही करून बघितलं. फिफ्टी-फिफ्टी म्हणजे अर्ध्या फाइल्स डेस्कटॉपवर काढायच्या, localthumbcache.package डिलीट करायची, गेम चालू करून बघायचं, प्रॉब्लेम गेला तर दोषी बाहेरच्या अर्ध्यात, नाहीतर आतल्यात, मग त्या अर्ध्याचे परत दोन भाग. ८०० फाइल्सना साधारण १० वेळा गेम उघडावा लागतो, चहा थंड होतो बघा. आणि भांडण दोन फाइल्सचं असेल तर एक बाहेर गेली की प्रॉब्लेम गायब, पण दुसरी कोण ते कळतच नाही.

डिटेक्टर म्हणजे Mods फोल्डर तपासणारा वेगळा प्रोग्राम, तो गेम उघडतच नाही. फाइल्समधल्या प्रत्येक रिसोर्सचा टाइप, ग्रुप, इन्स्टन्स नंबर जुळवतो, तिन्ही सेम आले की जोडी दाखवतो. माझ्याकडे गेमचे मूळ डोळे बदलणाऱ्या दोन फाइल्स, म्हणजे डिफॉल्ट रिप्लेसमेंट, निघाल्या, शिवाय नावात (1) असलेल्या डुप्लिकेट कॉपी, त्या सरळ उडवल्या. पण पॅचनंतर मोडलेली एकटी फाइल त्याला दिसत नाही, कारण ती कुणाशी भांडतच नाही, तिथे फिफ्टी-फिफ्टीच.

म्हणून मी आधी डिटेक्टर, उरलं तर दुसरं.